मुदतीनंतरचं गिऱ्हाईक

विमलताईंचं मंगल कार्यालय विकायला काढलंय, ही बातमी दिग्रसमध्ये पसरायला एक दुपार पुरली. पुसद रस्त्यावरची जागा, पुढे गाड्या लावायला मोकळं आवार, मागे तीन खोल्यांचं घर. एके काळी तिथं तारीख मिळावी म्हणून लोक मुलीची पत्रिका जुळायच्या आधीच विमलताईंच्या नवऱ्याला गाठत. मग गावाबाहेर लॉन निघाले आणि लग्नं तिकडे गेली. नवरा वारल्यावर तर हॉलमध्ये वर्षाकाठी दोन-चार बारशी आणि एखादं रक्तदान शिबिर, एवढंच उरलं. मुलगा ऋतिक यवतमाळला एका पतसंस्थेत वसुलीच्या कामावर होता. त्याला त्या हॉलमध्ये रस नव्हता.

विमलताईंनी ममताला बोलावलं. ममता भगत गेली आठ वर्षं दलालीत होती. सुरुवात शिक्षकांना भाड्याच्या खोल्या दाखवण्यापासून झाली, मग प्लॉट, मग घरं. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्या दोघांचं लग्न याच हॉलमध्ये लागलं होतं आणि ममताच्या वडिलांकडून विमलताईंच्या नवऱ्यानं फक्त विजेचे पैसे घेतले होते. म्हणून ममता त्यांना काकू म्हणायची, आणि ते नुसतं धंद्यातलं काकू नव्हतं.

तरी ती या वेळी कागद घेऊन गेली. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरच्या बंगल्यापायी तिचे हात पोळले होते. वणीचं गिऱ्हाईक तिनं आणलं, चार चकरा तिनं मारल्या आणि सौदा ठरल्यावर तीन दलाल उभे राहिले. डॉक्टरनं पैसे दिले ते सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याला. त्यानंतर तिनं वकिलाकडून करारनामा लिहून घेतला आणि त्याशिवाय मोठ्या जागेला हात लावायचा नाही असं ठरवलं. गावात लोक हसले. दलालीचा कागद असतो काय, म्हणाले. अशा कागदावर सही करणारं पहिलं मोठं गिऱ्हाईक विमलताईच होत्या.

दिवाळी होऊन गेली होती. हॉलमागच्या घरात, पुढच्या खोलीत ऋतिक करारनामा घेऊन बसला. तो रोज कर्जाचे कागद वाचणारा माणूस, एकेक कलम बोट ठेवून वाचत होता.

"हे काय लिहिलंय, ममताताई? सहा महिने तुम्हीच एकट्या मध्यस्थ. मी स्वतः गिऱ्हाईक आणलं तरी दलाली तुम्हाला?"

"हो. या सहा महिन्यांत कोणीबी आणू दे, तुम्ही आणा, काकू आणू दे, दुसरा दलाल आणू दे. काहून, सांगते. बाबांच्या नावावरून तुमच्या दोघांच्या नावानं वारस नोंद करायची हाय, नगरपरिषदेचा कर थकलाय, मोजणी करायची हाय. त्या सगळ्याच्या चकरा माह्या. जाहिरात माह्या खर्चानं. सौदा नाई झाला त मले एक रुपया मिळणार नाई. मंग मधातच कोणी दुसऱ्यानं येऊन सौदा उचलला त म्या काय करावं?"

"आणि दलाली देय कधी?"

"इसार झाला, म्हंजे आगाऊ रक्कम देऊन तुम्ही अन् गिऱ्हाईकानं सौद्यावर सह्या केल्या, की माहा हक्क लागला. पण पैसे खरेदीखत रजिस्टर झाल्यावर. गिऱ्हाईकानं मागं फिरून इसार मोडला त मी काही मागत नाई."

विमलताई आतून चहा घेऊन आल्या. "अरे, ममता हाय ते. तिले कायले एवढं इचारतं?"

ऋतिकनं मान वर केली नाही. "आई, वाचू दे. हे पुढचं बघ. मुदत संपल्यावरही चार महिने! करार संपला तर संपला ना?"

"तसं नाई, भाऊ," ममता म्हणाली. "समजा मी गिऱ्हाईक दाखवलं. ते म्हणते, थांबा, सहा महिने होऊ द्या, मंग आपण दोघंच मिळून करू, दलाली वाचते. असं झालं त? म्हणून ज्याले मी जागा दाखवली त्यालेच तुम्ही त्या चार महिन्यांत इकली, त माहा हक्क राह्यते. नवीन माणूस आला, मी न पाह्यलेला, त तुम्ही मोकळे."

ऋतिकनं ते कलम पुन्हा वाचलं. मग त्यानं जे सांगितलं ते रास्तच होतं. "मग उद्या तुम्ही गावातल्या कुणालाही आपलं गिऱ्हाईक म्हणाल. मुदत संपल्यापासून पंधरा दिवसांत नावं लेखी द्यायची. आमच्या हातात. यादी नाही तर हक्क नाही. एवढं घाला, मी सही करतो."

ममतालाही ते पटलं. वकिलानं ते वाक्य घातलं, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार टाइप झाला आणि तिघांनी सह्या केल्या. सही करताना विमलताईंनी चष्माही लावला नाही.

पुढचे महिने ममतानं त्या जागेसाठी पायताण झिजवलं. वारस नोंदीला दोन वेळा त्रुटी निघाली. थकलेल्या कराचे हप्ते पाडून घेतले. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यानं भांडण काढलं, तेही तिनंच मिटवलं. मधेच बंटी नावाचा दलाल पुसदची एक पार्टी घेऊन परस्पर विमलताईंच्या दारात गेला. विमलताईंनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. "आमच्या ममतासोबत बोला," म्हणाल्या. हे ममताला दुसऱ्याच कोणाकडून कळलं, आणि त्या दिवशी आपण योग्य माणसाचं काम करतोय असं तिला वाटलं.

शंकरसिंग राठोड तिनं आणला. त्याचं बाजारात बियाणं-खताचं दुकान होतं आणि गोदामाला जागा पाहिजे होती. पहिल्यांदा तो एकटा आला, दुसऱ्यांदा बायकोला घेऊन, तिसऱ्यांदा मिस्त्रीला. मिस्त्रीनं हॉलच्या भिंतीवर ठोकून पाहिलं आणि मान डोलावली. भाव मात्र जुळेना. ममता त्याच्या दुकानात जाऊन बसायची, तिथून विमलताईंच्या ओसरीवर. अखेर चैत्राच्या उन्हात एका सकाळी तिनं दोघांना समोरासमोर बसवलं आणि आकडा ठरला. शंकरसिंगनं विमलताईंच्या पाया पडून, "आता हे घर आमचंच समजा, भाभी," असं म्हटलं. अक्षय तृतीयेला इसार करायचं ठरलं.

अक्षय तृतीया आली, तेव्हा तो म्हणाला बँकेचं कर्ज मंजूर व्हायचं आहे. ममतानं वकिलाला विचारलं, भाव ठरला म्हणजे माझं काम झालं ना?

"तुमच्या करारात इसारावर हक्क आहे," वकील म्हणाले. "मान डोलावण्यावर नाही. थांबा."

ती थांबली. आणि मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना विमलताई न्हाणीत घसरून पडल्या.

कंबरेचं हाड मोडलं होतं. यवतमाळच्या खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. ऋतिकच्या पतसंस्थेत ऑडिट चालू होतं. तो सकाळी येऊन जायचा, संध्याकाळी येऊन जायचा. दिवसभर कोण? ममतानं नवऱ्याला सांगून पिशवी भरली आणि ती विमलताईंजवळ राहिली. त्यांना कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, केस विंचरायचे, त्या रडल्या की पाठीवरून हात फिरवायचा. मे महिन्याच्या उन्हात खिडकीला ओलं पोतं बांधायचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "मुलगी का?" विमलताई म्हणाल्या, "मुलगीच समजा."

करार संपला तो त्याच दिवसांत. ममताला तारीख ठाऊक होती. तिनं एका दुपारी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नावं टाइप करून आणली. सात नावं होती, वर शंकरसिंगचं. ऋतिक आला की त्याला द्यायची म्हणून पर्समध्ये ठेवली. तो आला तेव्हा डॉक्टरांशी भांडत आला, बिलावरून. तिनं ती बाहेर काढलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा अजून उतरलेला होता. मग तिनं ठरवलं, काकूंनाच देऊ. करारात त्यांचीही सही आहे, त्यांनी घेतली तरी चालेल.

"काकू, हे तेवढं घ्या. सौद्याची नावं होत. तुमच्या हातात दिली असं पाह्यजे."

विमलताईंच्या हाताला सलाईन होतं. त्या कण्हत म्हणाल्या, "ममता, मी कुठं पळून चालली काय वं? राहू दे थे कागद. तुले काय देणं हाय थे मले ठाऊक नाई काय?"

ममताला आपलीच लाज वाटली. ज्या बाईला उठून बसता येत नाही तिच्यासमोर आपण कागद नाचवतोय. तिनं तो घडी करून परत पर्समध्ये टाकला. विमलताईंना दोन घोट पाणी पाजलं. पंधरा दिवस केव्हा उलटले ते तिला कळलं नाही असं नाही. कळलं. पण तिनं मनाशी म्हटलं, काकूंचा शब्द आहे.

विमलताई ऋतिककडे यवतमाळलाच राहिल्या, वॉकर धरून चालायला लागल्या. शंकरसिंग म्हणायचा, "कर्जाचं अजून काही नाई, ताई. मी कळवतो." मग त्याचा पेरणीचा हंगाम आला, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पुढे तो फोन उचलेनासा झाला. ममतानं दुसऱ्या कामात लक्ष घातलं. अडलेलं घोडं आपोआप सुटेल, असं तिला वाटत होतं.

दिवाळीनंतर एका सोमवारी ती दुसऱ्याच एका प्लॉटच्या खरेदीसाठी दिग्रसच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. बाहेरच्या बाकावर विमलताई बसल्या होत्या. अंगावर नवी, जांभळी, किनारीची साडी, शेजारी वॉकर. ममता आनंदानं पुढे झाली.

"काकू! केव्हा आल्या? मले फोन नाई केला?"

विमलताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर वॉकरवर नेली. "आज सकाळीच आलो," एवढंच म्हणाल्या.

आतून ऋतिक आणि शंकरसिंग बाहेर आले. दोघांच्या अंगठ्याला शाई नव्हती, हल्ली यंत्रावर बोट ठेवतात, पण शंकरसिंगच्या हातात पावती होती आणि त्याच्या बायकोच्या हातात पेढ्यांचा डबा. तिनं भाबडेपणानं डबा ममतापुढे धरला. "घ्या ताई. तुमच्यामुळेच झालं."

ममतानं पेढा घेतला. तो तिच्या हातात तसाच राहिला.

"इसार कधी केला, शंकरभाऊ?"

"पोळ्याच्या आधी," तो म्हणाला. मग त्यानं ऋतिककडे पाहिलं.

पोळा ऑगस्टात होऊन गेला होता. मुदत मेच्या मध्याला संपली. ममतानं तिथल्या तिथे महिने मोजले. चार महिन्यांच्या आत होतं. ती ऋतिककडे वळली.

"भाऊ, मंग माह्या हक्काचं?"

ऋतिक तिला जिन्याच्या कडेला घेऊन गेला. आवाज चढवला नाही. "ताई, करार मे महिन्यात संपला. खरेदी आज झाली. चार महिने कधीच उलटले."

"खरेदी आज झाली. इसार चार महिन्यांच्या आत झाला. हक्क इसारालेच लागते, पैसे फक्त खरेदीले द्यायचे. तुम्हीच वाचलं होतं थे."

बहुधा हे त्यानं आधीच ताडलं होतं. "बरं. मग यादी कुठे आहे? पंधरा दिवसांत लेखी नावं. तुम्ही दिलीत? मला तर मिळाली नाही."

ममताचा हात पर्सकडे गेला. "यादी माह्या पर्समध्ये होती. मी काकूले देऊन राह्यली होती. दवाखान्यात. त्यायनं म्हटलं, राहू दे."

"आईला आठवत असेल तर विचारा. पण दिलीत का? हातात दिलीत का?"

"तिच्या हाताले सलाईन होतं, ऋतिक."

"मग दिली नाही." तो थोडा खाली वाकून, जवळजवळ प्रेमानं बोलला. "हे बघा, ताई. तुम्ही आईजवळ बसलात, मी विसरलो नाही. पण आपण खरं बोलू. तुम्ही सौदा होता म्हणून बसलात. शंकरसिंगनं दलालीतला अर्धा भाग भावात कमी करून घेतला, अर्धा आमच्या दवाखान्याच्या बिलात गेला. माझ्याकडे आता द्यायला काही नाही, आणि देण्यासारखं काही निघतही नाही."

तो निघून गेला. ममता तिथंच उभी राहिली. तिच्या हातातला पेढा उन्हानं मऊ झाला होता. तिनं तो कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. ज्या प्लॉटसाठी ती आली होती त्याचे लोक आतून हाका मारत होते.

त्या आठवड्यात ती वकिलाकडे गेली. त्यांनी करार पुन्हा वाचला, चष्मा काढून ठेवला.

"तुमचं बरोबर आहे. इसार मुदतीनंतरच्या चार महिन्यांत झाला, गिऱ्हाईक तुम्ही दाखवलेलं, शंकरसिंगही ते नाकारणार नाही. व्हॉट्सअॅपवर त्याचे निरोप आहेत. इथपर्यंत तुम्ही जिंकता. पण हक्क यादीवर टांगलाय. यादी नाही तर हक्क नाही, असं स्पष्ट लिहिलंय, आणि ते तुम्ही मान्य करून सही केलीय."

"त्यायनंच घेतली नाई ना पण!"

"हो. करार ज्यांच्या हिताची अट घालतो त्यांनीच ती नको म्हटलं, आणि तुम्ही त्यांच्या शब्दावर थांबलात, तर ते कोर्टासमोर मांडता येतं. यादी घ्यायला त्यांनी नकार दिला, असं म्हणता येतं. पण सिद्ध कसं करणार? घरचं दुसरं कोणी नव्हतं, तुम्ही दोघीच. शेजारच्या खाटेवर कोण होतं?"

"लोहारा गावची एक बाई होती. नाव पण ठाऊक नाई."

"म्हणजे सगळं विमलताईंवर येतं. त्यांनी एकदा हो म्हटलं, की मी राहू दे म्हणाले, तर मला नोटीस पाठवायलाही उभारी येईल. नाही म्हटलं तर दिवाणी दावा, वर्षं, खर्च, आणि शेवटी तुमच्या शब्दासमोर त्यांचा शब्द." त्यांनी करारनामा मिटला. "एक विचारू? त्या पंधरा दिवसांत एक मेसेज का नाही पाठवला ऋतिकला? नावं फक्त. तेही चाललं असतं."

ममताकडे उत्तर होतं, पण ते कायद्याच्या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं. त्याची आई ओरडत होती आणि तो बिलासाठी काउंटरवर हातापाया पडत होता, अशा माणसाला मेसेज करायचा?

विमलताई अजून दिग्रसमध्येच होत्या. हॉलमागच्या घरातलं सामान हलवायला शंकरसिंगनं महिनाभर दिला होता. ममता गेली तेव्हा पुढच्या खोलीत भांडी पोत्यात भरलेली होती, भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. ऋतिक दोरी घेऊन गादी बांधत होता. तिला पाहून तो थांबला नाही.

ती विमलताईंच्या समोर, जमिनीवरच बसली.

"काकू, मी पैशे मागाले नाई आली. फक्त एक इचारते. दवाखान्यात मी तुमच्या हातात नावाचा कागद देत होती. तुम्ही म्हटलं, राहू दे, मी कुठं पळून चालली. म्हटलं का नाई?"

विमलताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मागे दोरी गादीवर करकचत होती.

"काकू."

"मले..." विमलताई मुलाकडे न बघता म्हणाल्या, "मले त्या दिवसांतलं काही आठवत नाई वं, ममता. औषधं देत होते. मले कायचंच भान नव्हतं."

"शेजारच्या बाईले तुम्ही म्हटलं, मुलगीच समजा. थे आठवते?"

विमलताईंनी पदर डोळ्यांकडे नेला. त्या रडतील असं ममताला वाटलं, आणि त्या रडल्या तर आपण त्यांना जवळ घेऊ याची तिला भीती वाटली. पण त्या रडल्या नाहीत.

ऋतिकनं गाठ आवळली. "ताई, आता आईला त्रास देऊ नका. वकिलाची नोटीस आली तर मी उत्तर देईन. तुमचा मार्ग मोकळा आहे."

"मार्ग तुम्हीच बांधला होता, भाऊ," ममता म्हणाली. "पंधरा दिवस, लेखी, हातात. चांगला बांधला."

ती उठली. ओसरीवर तिनं पायात चप्पल घातली आणि मागे न बघता ती बाहेर पडली.

तिनं दावा केला नाही. वकिलानं नोटिशीचा मसुदा काढून ठेवला होता, तो तसाच राहिला. नवरा म्हणाला, कर, काय होईल ते होऊ दे. ती म्हणाली, त्या बाईला कोर्टात उभं करून पुन्हा खोटं बोलायला लावण्यात मला काय मिळेल. नवऱ्याला वाटलं ही दया आहे. दया नव्हती. त्या बाईनं दुसऱ्यांदा नाही म्हणताना ऐकायची ताकद तिच्यात नव्हती.

आठ-दहा दिवसांनी विमलताईंचा फोन आला. यवतमाळहून. आवाज दबलेला.

"ममता, ऋतिक ऑफिसले गेला. ऐक. माह्याजवळ थोडे हाय, माह्या स्वतःचे. त्याले नाई सांगत मी. तू येऊन घेऊन जा. सगळे नाई, पण काही तं..."

"तुम्हाले आठवते म्हणजे, काकू."

विमलताईंनी आवाज आणखी खाली आणला.

"पोरगा हाय वं माहा," विमलताई म्हणाल्या. "उद्या मले पाहणारा थोच हाय. तू नाई."

ममतानं हे ऐकलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते तिला सगळ्यात जास्त लागलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फोन ठेवला. यवतमाळला ती गेली नाही. तिकडूनही परत फोन आला नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मात्र ऋतिकचं ते वाक्य तिच्या कानात फिरायचं. सौदा होता म्हणून बसलात. सौदा नसता तर ती तितके दिवस तिथं राहिली असती का? तिला वाटायचं, राहिली असती. पण आता ते सिद्ध करायला जागाच उरली नव्हती, ना दुसऱ्यापुढे, ना स्वतःपुढे.

हॉलच्या दारावर शंकरसिंगच्या बियाण्यांची पाटी लागली. ममता त्या रस्त्यानं जायची, पाटी वाचायची, पुढे जायची.

उन्हाळा लागता लागता रूपसिंग चव्हाणांच्या घराची मुदत संपली. आर्णी रस्त्यावर एका मजल्याचं घर, सगळं रूपसिंगांच्या एकट्याच्या नावावर. एकमेव दलालीचा तसाच करार, मुदतीनंतर तशीच अट. ममतानं पाच लोकांना ते घर दाखवलं होतं, दोघं तर भावापर्यंत आले होते. मुदत संपली त्याच्या दोन दिवस आधी रूपसिंगांची बायको चंदाबाई हार्ट अटॅकनं गेली.

ममता अंत्यसंस्काराला गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. दारात चपलांचा ढीग होता. बायका आत बसल्या होत्या, रूपसिंग अंगणात खाटेवर, डोक्यावर गमछा, हातांचं काय करावं ते न कळून मांडीवर ठेवलेले. ममता त्यांच्या समोर उभी राहिली. चंदाबाईंनी तिला घर दाखवायला आलं की प्रत्येक वेळी ताक दिलं होतं.

"काकाजी, फार वाईट झालं."

त्यांनी मान हलवली.

तिनं पर्स उघडली. दोन कागद काढले, एक त्यांच्यासाठी, एक आपल्यासाठी. "घराची मुदत संपली. ज्यायले मी घर दाखवलं त्यायची नावं होत. एक तुमच्याजवळ ठेवा. याच्यावर मिळाली म्हणून सही पाह्यजे."

रूपसिंगांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. काही समजलं नाही त्यांना, किंवा समजून घ्यायची इच्छा नव्हती. तिनं पेन त्यांच्या बोटांत दिलं. त्यांनी तिच्या पुढ्यात सही केली, खाली तारीख तिनं स्वतः सांगून घालून घेतली. आतून त्यांची सून हे बघत होती. ती दारापर्यंत आली.

"एवढी घाई होती काय, ताई? आजचाच दिवस सापडला?"

"हो," ममता म्हणाली.

बसा कोणी म्हटलं नाही, पाणी कोणी आणलं नाही. ममतानं आपला कागद नीट दुमडून आत ठेवला, पर्सची चेन ओढली आणि फाटकातून बाहेर पडली. रस्त्यावर ऊन नुसतं भाजत होतं. गाडीला किक मारताना तिला आपल्या छातीत काहीतरी शोधून बघावंसं वाटलं, लाज, निदान थोडी. तिनं शोधली, आणि मग पुढच्या कामाला उशीर होतोय म्हणून ती निघाली.